एका पावलाचं व्याकरण

नागासाकीत शुसाकू एंडो या जपानी कादंबरीकाराने एक फुमिए पाहिली. फुमिए म्हणजे येशूची किंवा मेरीची प्रतिमा असलेली, पायाखाली तुडवण्यासाठी ठेवलेली पाटी. सतराव्या शतकात जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. ख्रिस्ती असल्याचा संशय असलेल्या माणसाला या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. ठेवला तर सुटला, कचरला तर पकडला. एंडोंनी पाहिलेल्या फुमिएच्या लाकडी चौकटीवर पायाच्या बोटांचे काळे ठसे होते. पाय ठेवायला ज्यांनी नकार दिला, त्यांची हुतात्मे म्हणून आठवण राहिली. ज्यांनी ठेवला त्यांचे एवढे ठसेच उरले. पाय उचलताना त्यांच्या मनात काय चाललं असेल, हा प्रश्न एंडोंना सोडेना. १९६६ साली आलेली ‘चिनमोकु’, म्हणजे ‘मौन’, ही कादंबरी त्या प्रश्नातून जन्मली. लेखक स्वतः कॅथलिक होता. आईमागोमाग लहानपणीच त्याचा बाप्तिस्मा झाला होता. तरीही ही कादंबरी श्रद्धेचा प्रचार म्हणून वाचता येत नाही, आणि तिचा पराभव म्हणूनही नाही. हे तिने साधलं कसं, ते बघण्यासारखं आहे.

कथेचा पाया इतिहासात आहे. क्रिस्तोवाओ फेरेरा हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री १६३३ मध्ये पकडला गेला. खड्ड्यावर उलटं टांगण्याचा छळ काही तास सोसल्यावर त्याने धर्म सोडला. कादंबरीत या फेरेराचा शिष्य रॉड्रिग्ज गुरूचा शोध घ्यायला निघतो. लिस्बनहून गोवा, गोव्याहून मकाव, आणि तिथून चोरून जपान असा त्याचा मार्ग. गोवा वाटेत येतं ते उगाच नाही. पूर्वेकडच्या जेझुइट मिशनचा कारभार तिथूनच चाले.

पहिल्या प्रकरणांत रॉड्रिग्ज पत्रं लिहितो. सगळं ‘मी’च्या तोंडून येतं आणि त्या ‘मी’ला आपल्या देवाबद्दल पुरेपूर खात्री आहे. तो पकडला जातो आणि पत्रं थांबतात. आता त्याची हकिकत दुसराच कुणी सांगू लागतो. ‘मी’चा ‘तो’ होतो. त्याची खात्री जसजशी ढासळते, तसतसा निवेदकही त्याच्यापासून एकेक पाऊल मागे सरकतो. त्याच्या मनातलं आपल्याला अजून कळतं, पण त्या मनावर भरवसा ठेवायचा की नाही हे आता आपल्याला ठरवावं लागतं.

देव गप्प आहे, हे एंडो वाक्यात सांगून सोडत नाहीत, कानाला ऐकवतात. लपवून ठेवणाऱ्या गावातल्या दोघांना भरतीच्या पाण्यात खांबांना बांधून मारलं जातं. त्यानंतरही समुद्र पूर्वीसारखाच गाजत राहतो. तुरुंगाच्या अंगणात एका कैद्याचं डोकं उडवतात आणि लगेच सिकाडा किड्यांची किरकिर नि माशीची गुणगुण ऐकू येते. माणूस मेला, दुपार होती तशीच राहिली. शेवटच्या रात्री कोठडीत रॉड्रिग्जला कुणाचं तरी घोरणं ऐकू येतं. पहारेकरी मजेत झोपलाय म्हणून तो चिडतो. फेरेरा येऊन सांगतो की ते घोरणं नाही. खड्ड्यावर उलटे टांगलेले शेतकरी कण्हताहेत. त्यांनी धर्म केव्हाच सोडला आहे. पण रॉड्रिग्ज सोडत नाही तोवर त्यांची सुटका नाही. ‘माझी श्रद्धा की माझा जीव’ हा सरळ हिशेब इथे संपतो. आता श्रद्धा त्याची आणि जीव दुसऱ्यांचे.

पहाटे त्याच्यासमोर फुमिए ठेवली जाते आणि प्रतिमेतला येशू त्याच्याशी बोलतो. इथे वाचकांच्या वाटा फुटतात. श्रद्धावान वाचक म्हणेल, अखेर मौन सुटलं. संशय घेणारा म्हणेल, रात्रभर जागलेल्या, खचलेल्या माणसाला हवं ते ऐकू आलं. कादंबरीत दोघांनाही पुरावा सापडतो, आणि गंमत म्हणजे तो एकच आहे: येशूचा चेहरा. कादंबरीभर रॉड्रिग्ज हा चेहरा मनात रंगवत आला आहे. इटलीतल्या एका जुन्या चित्रातला तो देखणा, तेजस्वी चेहरा त्याला संकटात पुन्हा पुन्हा दिसतो. ज्याला चेहरा कल्पनेत दिसतो त्याला आवाजही कल्पनेत ऐकू येईल, हा संशयवाद्याचा मुद्दा वजनदार आहे. पण फुमिएवरचा चेहरा तसा नाही. असंख्य पावलांखाली तो झिजलाय, खोल गेलाय, थकलाय. रॉड्रिग्जने कधी कल्पिलाच नव्हता असा हा चेहरा आहे. मग तो त्याच्या मनाचा खेळ कसा, असं दुसरी बाजू विचारू शकते.

त्या आवाजाच्या क्रियापदावरूनही अभ्यासकांत वाद आहे. विल्यम जॉन्स्टन या जेझुइट अनुवादकाने १९६९ मध्ये इंग्रजी अनुवाद केला, त्यात येशू पाय ठेवण्याची सरळ आज्ञा देतो. मूळ जपानी रूप मात्र आज्ञेचं नसून मुभेचं आहे. मराठी माणसाला हा फरक चटकन कळेल. आई मुलाला ‘जा’ म्हणते ते वेगळं आणि ‘गेलास तरी चालेल’ म्हणते ते वेगळं. पहिल्यात हुकूम आहे. दुसऱ्यात तिला जाणं पसंत नसेलही, पण मुलाची अडचण कळलेली आहे. आज्ञा मानली तर पाय ठेवणं हे देवाचं काम होतं आणि रॉड्रिग्ज निर्दोष ठरतो. मुभा मानली तर पाप, दुःख आणि क्षमा तिन्ही शिल्लक राहतात आणि पाऊल त्याचं स्वतःचंच राहतं. तो पाय ठेवतो आणि कोंबडा आरवतो. बायबल वाचणाऱ्याला इथे येशूला नाकारणारा पीटर आठवतो. पण पीटर पुढे क्षमा मिळालेला संत झाला, तेव्हा या आरवण्याचाही एकच अर्थ लावता येत नाही.

शेवटी निवेदक आणखी दूर जातो. कादंबरी संपते ती कैदेत ठेवलेल्या ख्रिस्त्यांच्या वाड्यावरच्या एका कारकुनाच्या कोरड्या नोंदींवर. रॉड्रिग्जला आता जपानी नाव मिळालंय, जपानी बायको मिळालीय. बरेच वाचक हे दप्तरी परिशिष्ट चाळून पुस्तक मिटतात, पण खरी मेख तिथेच आहे. त्याच्याकडून काहीतरी लिहून घेतलं जात असल्याची नोंद येते. इंग्रजीत वाचताना तो पुस्तक लिहीत असावा असं वाटतं. जपानी जाणकारांच्या मते तो शब्द धर्मत्यागाच्या लेखी शपथेचा आहे. मग प्रश्न पडतो की एकदा धर्म सोडलेल्या माणसाकडून पुन्हा शपथ कशासाठी? त्याचा नोकर किचिजिरो याच्याकडे लपवलेला ख्रिस्ती ताईतही सापडतो. संशय घ्यायला एवढं पुरतं, निकाल द्यायला पुरत नाही. कारकुनाला रॉड्रिग्जच्या मनातलं कळत नाही, आणि आता आपल्यालाही कळत नाही.

मार्टिन स्कोर्सेसी यांनी २०१६ च्या चित्रपटात इथेच वेगळी वाट धरली. चितेवरच्या रॉड्रिग्जच्या मुठीत कॅमेरा शिरतो आणि आत छोटा क्रूस दिसतो. दिग्दर्शकाने उत्तर देऊन टाकलं. एंडोंच्या पुस्तकात मृत्यूची आणि दहनाची नोंद आहे. मूठ उघडून बघायला तिथे कुणीच नाही.