चिकटलेला होज आणि रेडिएटरची तोटी

दहा-बारा वर्षं जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून इंजिनाकडे वळत गेलेला काळा रबरी होज पाइप दिसतो. गाडी थंड असताना तो टोकांजवळ दाबून पाहावा. तिथे तो लिबलिबीत लागला, किंवा उलट कडक होऊन त्यावर चिरा दिसल्या, तर तो बदलायची वेळ आली आहे असं समजावं. साध्या गाडीचा नवा होज काही शेकडा रुपयांत मिळतो आणि क्लिप सैल करायला दोन मिनिटं पुरतात. अडचण येते ती त्यानंतर. क्लिप मागे सरकवली तरी होज जागचा हलत नाही. या क्षणी हिसका दिला तर रेडिएटरच्या टाकीची तोटी तडकते आणि शेकड्यांचं काम हजारांवर जातं. बहुतेक नव्या गाड्यांत ही टाकी आणि तिची तोटी काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकची असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं ते प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं.

होज तोटीला इतका चिकटतो कसा? क्लिपनं आवळलेलं रबर रोज तापतं आणि रोज निवतं. असं हजारो वेळा झालं की ते तोटीच्या पृष्ठभागावरच्या बारीक खाचाखोचांत बसून तोच आकार धरतं. त्यात कूलंटची भर पडते. क्लिपखालून कूलंट किंचित झिरपतं, त्यातलं पाणी उडून जातं आणि विरघळलेले क्षार व गंजरोधक द्रव्यं मागे उरतात. होजच्या कडेला दिसणारा हिरवट किंवा गुलाबी खरपुडा तो हाच. त्याचाच थर रबराखालीही असतो. होजचं दुसरं टोक इंजिनावरच्या थर्मोस्टॅटच्या घरावर बसलेलं असतं आणि ते बहुधा अॅल्युमिनियमचं असतं. तिथे धातूही खराब होतो. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून ती रबर आणि धातूमध्ये दाटून बसते. परिणामी एकाच होजची दोन टोकं दोन तऱ्हेनं त्रास देतात. इंजिनाकडचं टोक जास्त घट्ट चिकटलेलं असतं, तर रेडिएटरकडे तोटी तुटायचं भय जास्त.

कामाला हात घालण्याआधी इंजिन पूर्ण थंड झालेलं हवं. रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं तर दाब एकदम सुटतो आणि उकळतं कूलंट अंगावर उडतं. थंड झाल्यावर झाकण काढून वरच्या होजच्या पातळीखाली जाईल इतकं कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्यावं. ते उघड्यावर ठेवू नये. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असतं. लहान मुलं आणि कुत्री त्याला फसतात.

आता क्लिप तोटीपासून पार मागे, होजच्या मधल्या भागावर न्यावी. यानंतर सगळ्यांचा हात होज ओढायला जातो आणि तिथेच चूक होते. रबरी नळी लांबीत ताणली की ती बारीक होते, म्हणजे जितकं ओढाल तितकी तिची पकड आवळत जाते. होज आधी किंचित आत, तोटीकडे ढकलावा, म्हणजे तो फुगतो. मग डावीकडे-उजवीकडे पिळावा. हेतू तो बाहेर काढण्याचा नाही, त्याची चिकट फोडण्याचा आहे. हातानं जमलं नाही तर मोठ्या तोंडाची पक्कड घ्यावी, होजभोवती जाड कापड गुंडाळावं आणि पक्कड अगदी तोटीच्या भागावर धरावी. पुढे धरली तर नुसता होज पिळला जातो आणि जोडापर्यंत जोर पोचत नाही. प्लास्टिकच्या तोटीवर पक्कड गच्च आवळू नये. दुसऱ्या हातानं टाकी धरून ठेवावी आणि फक्त थोडं थोडं फिरवावं. चिकट सुटली की ते हाताला कळतं. अडलेला होज एकदम सैल फिरू लागतो, कधी बारीक चरचर ऐकू येते. त्यानंतर पिळत पिळतच बाहेर घ्यावा.

फिरलाच नाही तर होजवर कापड ठेवून त्यावर गरम पाणी ओतावं. रबर मऊ पडतं आणि सुकलेला खरपुडा विरघळू लागतो. मग टोक बोथट केलेला वाकडा हूक होजच्या कडेखाली सरकवून सगळीकडून फिरवावा आणि त्या फटीत साबणाचं पाणी सोडावं. हातात अडकलेली बांगडी साबण लावून काढतात, तसंच हे काम आहे. होज पुन्हा वापरायचा असेल तर तेल किंवा ग्रीस लावू नये. कूलंटच्या होजचं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं आणि खनिज तेलानं ते फुगून नासतं. स्क्रू ड्रायव्हर आत घालून तोटीवर टेकू घेत उचकटणं तर पूर्ण टाळावं. प्लास्टिक तुटतं ते बहुतेक वेळा असंच.

होज बदलायचाच असेल तर त्याचा जीव वाचवण्यात अर्थ नाही. तोटी वाचवायची. धारदार पात्यानं तोटीवरच्या भागात होजच्या लांबीला समांतर एक चीर द्यावी, पण आरपार नाही. रबराची आतली शेवटची पातळ परत राहू द्यावी आणि चिरेच्या दोन्ही कडा पकडीनं फाकवून ती परत फाडावी. कारण पातं तोटीला लागलं तर तिच्यावर आतून बाहेर जाणारी उभी चर पडते आणि नव्या होजखालून कूलंट त्याच चरीतून गळत राहतं. एकदा चीर उघडली की होज सालपटासारखा सोलून निघतो.

उघड्या तोटीवर आता काळं रबर आणि खडबडीत थर दिसेल. इंजिनाकडची अॅल्युमिनियमची तोटी बारीक पॉलिश पेपरनं तोटीभोवती गोल फिरवत घासावी, लांबीत नको. प्लास्टिकच्या तोटीला ओलं कापड आणि भांडी घासायचा मऊ नायलॉनचा चौकोन पुरे. मग नखानं चाचपावं. तोटीच्या टोकाला होज अडवणारी उंच कड असते, ती अखंड हवी. अॅल्युमिनियमवर खोल खड्डे असतील, किंवा प्लास्टिकवर केसाएवढी जरी चीर असेल, तर सील लावून वेळ मारून नेऊ नये. तो भाग बदलणंच योग्य.

नवा होज बसवताना आतून थोडं कूलंट लावावं आणि तो तोटीवर पूर्ण आत सारावा. क्लिप त्या उंच कडेच्या मागे यावी. कडेवर बसवली तर दाब येताच होज सरकून निघतो. कूलंट भरून हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि इंजिन चालवून आतली हवा निघू द्यावी. स्क्रूची क्लिप असेल तर गाडी एकदा तापून निवल्यावर ती पुन्हा तपासावी, कारण नवं रबर क्लिपखाली दबतं आणि ती सैल पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना टाकीतली पातळी आणि दोन्ही जोड पाहावेत. जोडाभोवती नवा ओला कडा दिसला नाही आणि पातळी उतरली नाही, तर काम नीट झालं.