शेवटच्या ओळीतला सहसंबंध

संख्याशास्त्राच्या वहीतल्या किंवा फळ्यावरच्या तक्त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो अनेकदा अर्धवट असतो. वरच्या ओळी सावलीत जातात, कडेचे आकडे कापले जातात, पण खालची ‘एकूण’ची ओळ नीट वाचता येते. सहसंबंध गुणांक काढायला तेवढी ओळ पुरते. सूत्राला सुटे आकडे लागत नाहीत, फक्त पाच बेरजा आणि जोड्यांची संख्या लागते.

एक प्रसिद्ध तक्ता घेऊ. फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम या संख्याशास्त्रज्ञांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. त्यात x आणि y यांच्या ११ जोड्या आहेत. रकान्यांच्या बेरजा अशा:

Σx = ९९
Σy = ८२.५१
Σx² = १००१
Σy² = ६६०.१७२७
Σxy = ७९७.६०

सूत्र असे:

r = (nΣxy − Σx·Σy) / √[(nΣx² − (Σx)²)(nΣy² − (Σy)²)]

आधी अंश काढू. ११ × ७९७.६० म्हणजे ८७७३.६०, आणि ९९ × ८२.५१ म्हणजे ८१६८.४९. वजाबाकी ६०५.११. आता छेदातला पहिला कंस: ११ × १००१ मधून ९९ चा वर्ग वजा करायचा, म्हणजे ११०११ − ९८०१ = १२१०. सर्वाधिक चुका इथेच होतात. Σx² म्हणजे आधी प्रत्येक आकड्याचा वर्ग आणि मग बेरीज, तर (Σx)² म्हणजे आधी बेरीज आणि मग तिचा वर्ग. दुसरा कंस त्याच रीतीने ७२६१.९० − ६८०७.९० = ४५४ येतो. १२१० × ४५४ चे वर्गमूळ सुमारे ७४१.१७. आता ६०५.११ ला ७४१.१७ ने भागले की r = ०.८२.

फोटोतला एखादा अंक चुकीचा वाचला तर काय होईल? ६६० ऐवजी ६४० वाचले, तर r १.१४ येतो. गुणांक −१ आणि +१ यांच्या बाहेर जाऊच शकत नाही, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. छेदातला एखादा कंस ऋण आला, तरीही वाचनात किंवा गणितात चूक आहे हे नक्की. पण ७९७.६० ऐवजी ७९१.६० वाचले, तर r ०.७३ येतो. हे उत्तर दिसायला अगदी ठीक असते आणि तरीही चुकीचे असते. म्हणून वरच्या ओळी वाचता येत असतील, तर शंका असलेल्या रकान्याची बेरीज पुन्हा करून पाहावी. ७ आणि १ यांत गोंधळ होण्याइतका फोटो अंधुक असेल, तर हे टाळू नये.

उत्तर वाचताना आधी चिन्ह पाहावे. ते फक्त अंशावरून ठरते, कारण छेद नेहमी धनच असतो. इथे अंश धन आहे, म्हणजे x मोठा असतो तिथे y ही बहुधा मोठा असतो. चिन्ह ऋण असते, तर एक वाढताना दुसरा घटण्याकडे कल आहे असे म्हटले असते.

मग आकार. ०.८२ म्हणजे ‘८२ टक्के संबंध’ नव्हे. गुणांकाचा वर्ग केला की ०.६७ येतो. y मधल्या चढउतारांपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग सरळ रेषेने x शी जोडता येतो, एवढाच त्याचा अर्थ. यातला ‘सरळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

अ‍ॅन्स्कोम यांनी असे एकूण चार तक्ते दिले. चारही तक्त्यांच्या बेरजा जवळपास सारख्या आहेत, त्यामुळे चौघांचाही r ०.८२ येतो. आलेखावर बिंदू मांडले की मात्र चार वेगळी चित्रे दिसतात. पहिल्यात बिंदू एका चढत्या रेषेच्या आसपास विखुरलेले आहेत. दुसऱ्यात ते वक्ररेषेवर बसतात. तिसऱ्यात एक बिंदू सोडला तर बाकीचे जवळजवळ अचूक एका रेषेवर आहेत. चौथ्यात दहा जोड्यांचा x ८ आहे आणि अकरावीचा १९. (बेरीज करून पाहा: ८० + १९ = ९९, आणि वर्गांची बेरीज ६४० + ३६१ = १००१.) ही अकरावी जोडी काढली, तर x बदलतच नाही. मग छेद शून्य होतो आणि गुणांक काढताच येत नाही. तिथला सगळा ‘संबंध’ एकाच बिंदूने निर्माण केलेला आहे.

शेवटच्या ओळीवरून r अचूक काढता येतो, पण बिंदू रेषेभोवती पसरले आहेत, वक्र झाले आहेत की एकाच टोकाला लटकले आहेत, हे ती ओळ सांगत नाही. म्हणून हाती फक्त बेरजा असतील, तर उत्तर ‘r ०.८२, दिशा धन’ एवढेच लिहावे. संबंध सरळ आणि भक्कम आहे हे वाक्य मूळ ११ जोड्या आलेखावर पाहिल्यानंतरच लिहावे.