चहाचा रतीब, मसाल्याची बेगमी

दुधाचा रतीब मराठी घराला नवा नाही. वर्षाच्या मसाल्याची बेगमीही नवी नाही. एप्रिल-मे आला की मुंबईत लालबागच्या मसाला बाजारात बायका बेडगी आणि संकेश्वरी मिरची निवडून घेतात, ती वाळवून डंकावर कुटून आणतात आणि बरण्या भरून पावसाळ्याआधी मोकळ्या होतात. खरेदीच्या या दोन्ही तऱ्हा पिढ्यान् पिढ्या एकाच स्वयंपाकघरात नांदत आल्या. ऑनलाइन चहा किंवा मसाला विकणाऱ्या छोट्या उद्योजकापुढे आज तोच प्रश्न नव्या रूपात येतो: दरमहा आपोआप घरी जाणारा बॉक्स ठेवावा, की ग्राहक मागेल तेव्हा माल पाठवावा?

याचं उत्तर आधी डब्यात शोधावं लागतं. चार माणसांच्या घरात दिवसाला आठ कप चहा होतो असं धरू. कपाला दोन ग्रॅम पत्ती लागली तरी महिन्याला 480 ग्रॅम लागते. म्हणजे अर्ध्या किलोचा पुडा बरोबर महिनाभर पुरतो आणि दुसरा येईपर्यंत पहिला तळाला लागलेला असतो. चहाला रतीब शोभतो तो यामुळे. आता गोडा मसाला घ्या. रोजच्या आमटी-भाजीत मिळून चमचाभर, म्हणजे साधारण दोन ग्रॅम गेला, तर महिन्याला 60 ग्रॅम. अशा घरी दरमहा 200 ग्रॅमचा बॉक्स पोचू लागला, तर तिसऱ्या महिन्याअखेर 600 ग्रॅम मसाला आलेला असेल आणि 180 ग्रॅम संपलेला असेल. दळलेल्या मसाल्यातली सुगंधी तेलं हवेत उडत राहतात, उजेडाने रंग फिका पडतो. उरलेला माल पडल्या पडल्या शिळा होतो आणि ग्राहक विक्रेत्यालाच दोष देतो.

मग मसाल्याचा बॉक्सही 60 ग्रॅमचा का करू नये? तिथे कुरिअर आडवं येतं. कुरिअरचा दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने लागतो. त्यामुळे 60 ग्रॅमची पुडी पाठवा नाहीतर 400 ग्रॅमची, भाडं तेच. महिन्यागणिक पाठवली तर वर्षाला बारा भाडी, तिमाहीला पाठवली तर चार. मसाल्याच्या नफ्याचा मोठा वाटा या फरकातच जातो. चहालाही एक खोच आहे: अर्धा किलो पत्ती खोक्यात घातली की वजन टप्प्याच्या वर जातं. म्हणून 400 किंवा 450 ग्रॅमचा पुडा पाठवणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं, मात्र मग तो महिना संपायच्या आतच संपतो हे ग्राहकाला सांगायला हवं.

आता पैशांचा हिशेब. आकडे कल्पित आहेत, पण गणित खरं आहे. कर बाजूला ठेवू. चहाचा पुडा 400 रुपयांना विकला. पत्ती, पॅकिंग आणि कुरिअर मिळून 310 रुपये गेले, हातात राहिले 90. जाहिरातीतून एक नवा ग्राहक मिळवायला 200 रुपये लागले असतील, तर एकाच खरेदीनंतर निघून गेलेला ग्राहक 110 रुपयांचा खड्डा पाडून जातो. रतिबाच्या ग्राहकाला दहा टक्के सूट दिली की किंमत 360 होते आणि महिन्याला 50 रुपये सुटतात. म्हणजे चार बॉक्सनंतर फक्त खर्च भरून निघतो, कमाई पाचव्यापासून.

तो पाचव्यापर्यंत टिकतो का, यावर सगळं उभं आहे. दर महिन्याला शंभरातले 15 ग्राहक गळत असतील, तर एक ग्राहक सरासरी साडेसहा महिन्यांहून थोडा अधिक टिकतो आणि खर्च वजा जाता सुमारे 130 रुपये देतो. गळती 30 वर गेली की सरासरी तीन-साडेतीन महिन्यांवर येते आणि प्रत्येक ग्राहकामागे तोटा होतो. त्यापेक्षा बिनसवलतीचा, पण वर्षात तीनदा आपणहून परतणारा ग्राहक बरा: त्याच्याकडून 270 येतात, 200 गेले तरी 70 उरतात.

गळती का होते, हे रद्द करणाऱ्याला विचारलं तर कळतं. ‘चव आवडली नाही’ असं उत्तर आलं तर माल सुधारावा लागेल. ‘अजून आहे घरात’ असं आलं तर चूक अंतराची आहे, आणि ती सुधारायला सोपी: महिन्याऐवजी 45 किंवा 60 दिवसांचा पर्याय आणि एखादा बॉक्स पुढे ढकलायची सोय. ग्राहकाला थांबवणं अवघड करून गळती लपवता येते, पण केंद्राच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा ‘सदस्यत्वाच्या सापळ्या’ला ग्राहकाची दिशाभूल ठरवलं आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जाते. डबा भरलेला असेल तर तो संदेश पाहून माणूस रतीब बंद करतो.

म्हणूनच मागणी नोंदवताना पत्त्याआधी दोन प्रश्न विचारलेले बरे: घरात रोज किती कप चहा होतो, आणि मसाल्याची बरणी किती दिवसांनी भरता? चहा घेणाऱ्याला महिन्याचा रतीब लावता येईल. मसाल्याच्या ग्राहकाला उन्हाळ्यातल्या ताज्या मिरचीचा एकदाच मोठा पुडा द्यावा आणि मधल्या काळात, बरणी तळाला जाईल त्या सुमाराला, फोन करून विचारावं.