गादीला ऊन, ढेकणाला सावली

मे महिन्यात गादी गच्चीवर टाकायची, दिवसभर ऊन द्यायचं, संध्याकाळी काठीने झोडपून आत आणायची. ढेकूण झालेल्या घरात हा उपाय हमखास होतो आणि तितक्याच हमखास ढेकूण परत येतात. ऊन कमी पडतं म्हणून नव्हे. गादीचा वरचा कपडा हात लावता येणार नाही इतका तापतो, पण आतला कापूस उष्णता अडवतो आणि खालची बाजू थंडच राहते. ढेकूण चालता कीटक आहे, तो थंड बाजूला सरकतो. अंडी मात्र शिवणीत चिकटलेली असतात, जागची हलत नाहीत, आणि खरी अडचण तीच आहे.

अंडं जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढं, पांढरट. मोठा ढेकूण ४५ अंशाला साधारण दीड तासात मरतो. अंड्याला त्याच तापमानात सुमारे सात तास लागतात. ४८ अंशाला अंडं एक तास दहा मिनिटं तग धरतं. ५५ अंशांच्या आसपास गेलं की ते लगेच मरतं. म्हणून कपड्याच्या घडीच्या आत किती तापमान पोचलं, हाच प्रश्न विचारावा. बाहेर किती ऊन आहे त्याला फारसा अर्थ नाही.

इंग्लंडमधल्या नेलर आणि बोस यांनी २०१० साली नेमकं हेच घरगुती साधनांनी तपासलं. ६० अंशांच्या धुण्यात ढेकूण, पिल्लं, अंडी सगळं मेलं. ४० अंशांच्या धुण्यात मोठे आणि पिल्लं मेली, अंडी वाचली. थंड पाण्यात २४ तास भिजवूनही हेच झालं. ड्रायरमध्ये मात्र गरम हवेवर अर्ध्या तासात काहीच उरलं नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे ड्रायर आहे त्यांनी कोरडे कपडे आधी थेट त्यात घालावेत. धुणं मळासाठी, नंतर. ड्रम ठासून भरू नये, अर्धाच भरावा, नाहीतर मधल्या कपड्यांपर्यंत गरम हवा पोचतच नाही.

ड्रायर नसलेली घरं आपल्याकडे जास्त. तिथे बादलीच कामाला येते, पण हिशेब चुकतो. पाच लिटर उकळतं पाणी आणि पाच लिटर नळाचं २७ अंशांचं पाणी एकत्र केलं तर ६३ अंश होतात. त्यात दोन किलो कोरड्या चादरी आणि अभ्रे पडले की ६१, आणि बादली उघडी राहिली तर थोड्याच वेळात पाणी ६० च्या खाली जातं. त्याऐवजी सात लिटर उकळतं आणि तीन लिटर साधं घ्यावं: चादरी घातल्यावरही पाणी ७५ च्या आसपास राहतं. वर झाकण ठेवून अर्धा तास भिजवावं. काठीनेच ढवळावं, मुलांना लांब ठेवावं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर शेवटी कपड्यांच्या मधोमध घालून बघावा. तिथे ६० दिसले की काम झालं. पूर्वी परीट कपडे भट्टीला लावत, त्यात हे आपोआप साधायचं. लोकर, रेशीम आणि रंग जाणारे कपडे या पाण्यात टिकत नाहीत, ते वेगळे काढावेत.

मग ऊन अगदीच निरुपयोगी का? ढेकणांच्या बाबतीत, गादीपुरतं, हो. धुळीतल्या माइटचं मात्र वेगळं आहे. ते डोळ्यांना न दिसणारे जीव पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. ऊन त्यांना तापवतं आणि सुकवतंही. ऑस्ट्रेलियात गालिचे थेट उन्हात ठेवून केलेल्या प्रयोगात सगळे माइट मेले होते. कोकणातल्या पावसाळ्यानंतर गोधड्यांना ऊन देण्याची रीत म्हणूनच योग्य आहे. पण माइट मेले तरी त्यांची विष्ठा कपड्यात राहते आणि दम्याच्या रुग्णाला त्रास देते. ती धुवूनच निघते.

पिसवांच्या बाबतीत मांजर-कुत्र्याचं अंथरूणही त्याच गरम पाण्यात टाकावं, कारण अंडी जनावराच्या अंगावरून तिथे गळतात. खरजेचा माइट माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही. त्याला ५० अंशांवर दहा मिनिटं पुरतात. मात्र घरातल्या सगळ्यांनी औषध एकाच दिवशी लावलं नाही तर धुण्याचा उपयोग नाही.

धुतलेले कपडे लगेच कपाटात ठेवू नयेत. मळके कपडे खोलीतच पिशवीत बांधून न्यावेत, न झटकता, आणि धुतलेले पारदर्शक पिशवीत बंद करावेत. ढेकणाची अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात. दोन आठवड्यांनी त्या पिशवीत फिकट, दीड मिलिमीटरचं पिल्लू दिसलं तर पाणी पुरेसं गरम नव्हतं. पिशवी स्वच्छ, तरीही अंगावर चावे असतील, तर ढेकूण पलंगाच्या सांध्यात किंवा भिंतीच्या भेगेत आहेत. तिथे धुणं पोचत नाही. पलंग खोलून कीडनियंत्रणवाल्याला बोलवावं लागतं.