मुदत अरबीत नेताना

समजा, येमेनमधल्या इब्ब शहरातला एक शिक्षक पुण्यात एम.ए.ला आला आहे. कॉलेजने त्याला शिष्यवृत्तीचं इंग्रजी मंजुरीपत्र दिलं. अभ्यासरजेसाठी तिकडच्या शिक्षण खात्याला तेच पत्र अरबीत हवं आहे. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि भाषांतरकाराला व्हॉट्सअ‍ॅप केला. पत्र एका पानाचं, म्हणजे काम तासाभराचं, असं कुणालाही वाटेल.

पहिला तास फोटोवरच जातो. कागदाला घडी पडलेली, खालची ओळ कापलेली आणि नेमका तारखेवरच गोल शिक्का. शाईखालचा आकडा 1 आहे की 7, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. फोटो पुन्हा मागवायचा: उजेडात, कागद सपाट, चारही कोपरे दिसतील असा. मागची बाजूही मागायची, कारण अटी पुष्कळदा तिथेच छापलेल्या असतात. व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करतं, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ करून पाठवायला सांगायचं. तरीही अक्षर लागलं नाही तर त्या जागी चौकटी कंसात ‘गैर मक्रू’, म्हणजे ‘वाचता येत नाही’, असं लिहितात. शिक्क्याच्या जागी येतो ‘खत्म’. आपल्याकडे खतम म्हणजे संपलं. अरबीत तो शब्द मोहोर उमटवण्याचा आहे.

असे चकवे मराठी माणसाला पावलोपावली भेटतात, कारण आपल्या कचेरीच्या भाषेतले पुष्कळ शब्द फारसीमार्गे अरबीतूनच आले. शर्त तिथेही अटच आहे. पण ‘रक्म’ म्हणजे आकडा किंवा क्रमांक. रकमेला ‘मबलग’ म्हणतात, ज्यातून आपलं ‘मुबलक’ निघालं. ‘कलम’ म्हणजे फक्त लेखणी, कराराचं कलम ‘बंद’. आणि ‘मुद्दा’ म्हणजे कालावधी. शिष्यवृत्तीची मुदत दोन वर्षं, इथे तो शब्द चालतो. संमती कळवण्याची मुदत 31 जुलै, इथे चालत नाही.

त्या शेवटच्या तारखेचं वाक्य पाहू. इंग्रजीत आहे की संमतीपत्र 31 जुलै 2026पर्यंत कार्यालयात पोचलं पाहिजे. घाईत ‘कब्ल 31 यूलियो’ लिहिलं, तर अर्थ होतो ‘31च्या आधी’, आणि विद्यार्थ्याचा शेवटचा दिवस गेला. सरकारी अरबीत यासाठी ठरलेली शब्दरचना आहे: ‘फी मौइदिन अक्साहु’, म्हणजे ‘ज्या तारखेची कमाल सीमा अमुक’. यात 31 तारीख धरलेली असते. क्रियापदही ‘पोचणे’ हवं, ‘पाठवणे’ नव्हे. नाहीतर टपालात टाकलं की झालं, असं वाचणारा समजेल.

महिन्याचं नाव देशावर ठरतं. येमेनमध्ये यूलियो, तर इराकमध्ये त्याच जुलैला ‘तम्मूज’ म्हणतात. तारीख नुसत्या आकड्यांत लिहू नये, याला आणखी एक कारण आहे. अरबी उजवीकडून डावीकडे चालते. संगणकावर अरबी मजकुरामागून 05-07-26 असं टाइप केलं, तर मधल्या आडव्या रेघांमुळे पडद्यावर 26-07-05 असं उलटं दिसू शकतं. शिवाय तिकडचा पाच आपल्या शून्यासारखा गोल, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणून 2,50,000 रुपये अक्षरीही लिहायचे, ‘हिंदी रुपये’ असा खुलासा करायचा आणि शेवटी ‘ला गैर’ जोडायचं. आपल्या ‘अक्षरी रुपये अमुक फक्त’चाच हा भाऊ.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र एका लहान इंग्रजी शब्दाने होतं: ‘मे’. प्रगती समाधानकारक असल्यास शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी वाढवली जाऊ शकते, असं पत्र म्हणतं. म्हणजे वाढवण्याची मुभा कॉलेजला आहे, हमी कुणालाच नाही. अरबीत इथे ‘यजूझु’ येतं आणि अटीसाठी ‘शरीतत अन’. साध्या भविष्यकाळात ‘वाढवली जाईल’ लिहिलं, तर खातं दोन वर्षांची रजा देऊन मोकळं होईल. उलट ‘शॅल’ असेल तिथे ‘यल्तझिमु’ हवं, म्हणजे विद्यार्थ्यावर बंधन आहे. विद्यार्थिनी असेल तर तेच ‘तल्तझिमु’ होतं. इंग्रजी पत्रावरून हे कळत नाही, विचारावं लागतं. नावाचंही तसंच. रोमन लिपीतला ‘हमिद’ मुळात हामिद की हमीद, ही वेगवेगळी नावं आहेत. पासपोर्टातलं अरबी नाव पाहिल्याशिवाय लिहू नये.

सुराचं काम त्यामानाने सोपं, कारण साचा तयार आहे. सुरुवातीला ‘तहिय्या तय्यिबा व बअद’, मग ‘यसुर्रुना इब्लागुकुम’, म्हणजे ‘आपणांस कळविण्यास आनंद होतो’. त्यातला ‘कुम’ एकट्या माणसालाही आदराने लावलेला अनेकवचनी प्रत्यय आहे, आपल्या ‘आपणां’सारखाच. मूळ पत्रात नमस्काराची जागा आहे, म्हणून हा साचा बसतो. पण पत्र वाचून हरखलेला मामा इब्बहून फोनवर म्हणतो, वर एक ‘अल्फ मबरूक’ टाका ना! हजार अभिनंदनं कॉलेजने लिहिलेली नाहीत. ती मामानेच फोनवर द्यायची.