दुरून जुळे, आतून उलटे

तांब्याच्या तारेचे दहा सेंटिमीटर व्यासाचे एकच वेटोळे आणि त्यातून वाहणारा दोन अँपिअरचा प्रवाह. वेटोळ्याचा अक्ष पूर्व-पश्चिम ठेवून मध्यभागी होकायंत्र धरले, तर सुई उत्तर सोडून तीस अंशांहून जास्त वळते. तिथे वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र सुमारे २५,००० नॅनोटेस्ला असते. महाराष्ट्रात पृथ्वीचे क्षेत्र साधारण ४०,००० नॅनोटेस्ला असल्याने ही चढाओढ सुईला चांगलीच जाणवते. पण होकायंत्र त्याच अक्षावर अर्धा मीटर मागे नेले की सुई मुकाट्याने उत्तर दाखवू लागते. तिथे वेटोळ्याचे जेमतेम २५ नॅनोटेस्ला उरलेले असतात.

अंतर त्रिज्येच्या दहापट झाले आणि क्षेत्र हजारपट घटले. दूरवर अंतर दुप्पट केले की क्षेत्र एक अष्टमांश होते, आणि हाच नियम विद्युत द्विध्रुवालाही लागू पडतो. द्विध्रुव म्हणजे थोड्या अंतरावर ठेवलेले एक धन आणि एक तितकाच ऋण भार. त्याची ताकद भार गुणिले अंतर अशी मोजतात. वेटोळ्याची ताकद प्रवाह गुणिले क्षेत्रफळ अशी. या ताकदीला आघूर्ण म्हणतात आणि त्याची दिशा बाणाने दाखवतात. द्विध्रुवात बाण ऋण भाराकडून धन भाराकडे जातो, वेटोळ्यात तो अक्षाच्या दिशेने असतो. एवढे ठरले की दोन्हींच्या दूरच्या क्षेत्राचा नकाशा एकच. अक्षावर क्षेत्र बाणाच्या दिशेने, बाजूला तेवढ्याच अंतरावर त्याच्या निम्मे आणि उलट. बंद पेटीत यांपैकी नेमके काय आहे, विद्युतभारांची जोडी की चुंबकीय वेटोळे, हे अर्थात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र वेगवेगळे मोजून कळेल. पण पेटीत वेटोळ्याऐवजी उत्तर-दक्षिण चुंबकीय ध्रुवांची जोडी असती, तर दुरून कुठल्याही मोजमापाने फरक कळला नसता.

जवळ जाऊ लागले की मात्र फाटे फुटतात. वरच्या वेटोळ्यासोबत दहा सेंटिमीटर अंतरावरच्या दोन भारांची जोडी ठेवू. अर्ध्या मीटरवर, अक्षावर, वेटोळ्याचे क्षेत्र दूरच्या सूत्रापेक्षा दीड टक्क्याने कमी भरते आणि जोडीचे दोन टक्क्यांनी जास्त. कारण सरळ आहे. तारेचा प्रत्येक तुकडा वेटोळ्याच्या केंद्रापेक्षा किंचित दूर असतो. भारांच्या जोडीत मात्र एक भार ४५ सेंटिमीटरवर, दुसरा ५५ वर, आणि जवळच्याचा जोर अधिक. दहा सेंटिमीटरवर आले की वेटोळे सूत्रापेक्षा २८ टक्के कमी देते, तर जोडी ७८ टक्के जास्त.

खरा फरक आत आहे. दोन भारांच्या मधोमध विद्युत क्षेत्र धनाकडून ऋणाकडे जाते, म्हणजे बाणाच्या नेमके उलट. वेटोळ्याच्या मधोमध चुंबकीय क्षेत्र बाणाच्याच दिशेने असते. विद्युत रेषा भारांपाशी सुरू होतात आणि भारांपाशीच संपतात. चुंबकीय रेषांना संपायला जागाच नसते, त्यामुळे वेटोळ्यातून आरपार जाऊन त्या बाहेरून परत फिरतात. वेटोळे कितीही लहान केले तरी हा फरक आक्रसतो, पण नाहीसा होत नाही. सगळ्या आतल्या जागेची गोळाबेरीज केली तर वेटोळ्याचा वाटा ध्रुवांच्या जोडीच्या दुप्पट आणि उलट दिशेचा निघतो.

हा निव्वळ गणिताचा बारकावा वाटेल, पण निसर्गाने त्याची परीक्षा आपणहून मांडून ठेवली आहे: हायड्रोजनचा अणू. त्यातला प्रोटॉन स्वतः एक सूक्ष्म चुंबक आहे आणि इलेक्ट्रॉनही. सर्वांत खालच्या अवस्थेत इलेक्ट्रॉनचा ढग पूर्ण गोल असतो. अशा ढगावर प्रोटॉनच्या बाहेरच्या द्विध्रुवी क्षेत्राचा परिणाम बेरजेत शून्य होतो, कारण अक्षावरचे अधिक आणि बाजूचे उणे एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो तो फक्त आतला वाटा, कारण या अवस्थेत इलेक्ट्रॉन थेट प्रोटॉनच्या जागीही सापडतो. दोघांच्या फिरकी समांतर असतील तर ऊर्जा थोडी जास्त, विरुद्ध असतील तर कमी. या फरकाचे गणित एन्रिको फर्मी यांनी १९३० साली मांडले. फरकाची वारंवारता आहे १४२० मेगाहर्ट्झ, तरंगलांबी २१ सेंटिमीटर.

प्रोटॉनचे चुंबकत्व ध्रुवांच्या जोडीचे असते, तर हा फरक निम्मा आणि उलटा झाला असता. समांतर फिरकीची अवस्था खाली गेली असती आणि हायड्रोजनची रेषा ४२ सेंटिमीटरवर सापडली असती. हार्वर्डमध्ये १९५१ साली यूएन आणि पर्सेल यांना आकाशगंगेतला हायड्रोजन ऐकू आला तो २१ सेंटिमीटरवर. नारायणगावजवळ खोडद परिसरातल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्याही याच रेषेचा माग काढतात. दूरच्या दीर्घिकांकडून येताना विश्वाच्या प्रसरणामुळे ती ताणली जाते, म्हणून तिथे तिला आणखी लांब तरंगलांबीवर शोधावे लागते.