निवाडा विद्यार्थ्याने करावा, असा प्रश्न

‘कामगार चळवळीच्या कामगिरीचे मूल्यमापन करा’ असा प्रश्न पेपरात आला की उत्तरपत्रिका एकाच साच्याच्या येतात. सभा, संप, कायदे यांची यादी आणि शेवटी ‘अशा प्रकारे चळवळीने मोलाचे योगदान दिले’. मूल्यमापन कशाच्या तुलनेत आणि कोणत्या सालापर्यंत करायचे, हे प्रश्नच सांगत नाही. मग विद्यार्थी पाठ केलेले लिहितो.

मुंबईच्या गिरणी कामगारांचे उदाहरण घेऊ. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या पाच होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पगार आणि अपघात झाल्यास भरपाई. यशापयश मोजण्याची मोजपट्टी कामगारांनीच आखून दिली आहे. तीच प्रश्नात वापरावी.

आता साल ठरवू. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची विश्रांती दिली. पुरुषांच्या कामाच्या तासांवर मर्यादा मात्र 1911 मध्ये आली, अपघात भरपाईचा कायदा 1923 मध्ये झाला आणि पगार वेळेवर देण्याचा 1936 मध्ये. म्हणजे 1891 मध्ये निवाडा केला तर पदरात दोनच मागण्या दिसतात. 1936 मध्ये केला तर जवळजवळ सगळ्या.

उरते श्रेय. लोखंडे यांच्या संघटनेकडे सभासदांची नोंद नव्हती, निधी नव्हता, नियमावलीही नव्हती. दुसरीकडे, मुंबईच्या स्वस्त कापडाची स्पर्धा नको म्हणून लँकेशायरचे कारखानदारही भारतात फॅक्टरी कायदा कडक व्हावा असा आग्रह धरत होते. प्रश्नाबरोबर दिलेल्या माहितीत ही बाजू नसेल, तर विद्यार्थ्याला तोलायला काही उरत नाही.

म्हणून प्रश्न असा लिहावा: ‘1891 पर्यंत गिरणी कामगारांना जे मिळाले, त्याचे मुख्य श्रेय लोखंडे यांच्या संघटनेला द्यावे का? दिलेल्या माहितीच्या आधारे ठरवा.’ ‘थोर कार्य’, ‘अपयशी प्रयत्न’ असे शब्द प्रश्नात नकोत. त्यांतून परीक्षकाला हवे ते उत्तर आधीच कळते.

आठ गुण असतील तर तीन अचूक माहितीला, तीन माहिती निष्कर्षाशी जोडण्याला आणि दोन विरुद्ध बाजूला दिलेल्या उत्तराला ठेवावेत. ‘श्रेय द्यावे’ म्हणणाऱ्याला आणि ‘देऊ नये’ म्हणणाऱ्यालाही आठपैकी आठ मिळू शकले पाहिजेत. पेपर छापण्याआधी शिक्षकाने दोन्ही बाजूंची उत्तरे स्वतः लिहून पाहावीत. त्यांतले एक लिहिताच येत नसेल, तर तो प्रश्न मूल्यमापनाचा नाही, पाठांतराचाच आहे.